उरलेल्या वेळेच्या शुभेच्छा

शुक्रवारची संध्याकाळ होती, साडेसहाचा सुमार. लियॉंमधल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी पावाचं एक दुकान होतं. तिथे माझ्यापुढे एकच गिऱ्हाईक उभं होतं, कोट घातलेले, हातात चामडी पिशवी असलेले एक गृहस्थ. त्यांनी बॅगेट घेतला, सुटे पैसे काउंटरवरच्या ताटलीत ठेवले. दुकानदारीणबाई म्हणाल्या, “बों वीकेन्ड, मस्यू.” मग माझी पाळी आली. मीही तसाच बॅगेट घेतला, तसेच पैसे ठेवले. मला त्या म्हणाल्या, “बॉन स्वारे, मादाम.” म्हणजे, तुमची संध्याकाळ चांगली जावो.

दोन गिऱ्हाइकांमध्ये जेमतेम एका मिनिटाचं अंतर, तरी त्यांना अख्खा शनिवार-रविवार आणि मला फक्त एक संध्याकाळ. घरी पोहोचेपर्यंत मी त्याचाच विचार करत होते. उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी मिळालं, पाव आणायला पुन्हा त्याच दुकानात गेले तेव्हा. ते गृहस्थ कामावरून परतताना सोमवार ते शुक्रवार एवढंच त्या वाटेने जायचे. मी मात्र शनिवारीही यायची आणि रविवारी सकाळीही. बाईंना हे ठाऊक होतं. पुन्हा कधी भेटणार याचा हिशेब करून त्यांनी प्रत्येकाला मधल्या काळापुरत्या शुभेच्छा दिल्या होत्या.

मी त्या वर्षी एका शाळेत शिकवायला गेले होते आणि फ्रेंच बऱ्यापैकी येतं अशा समजुतीत होते. पुण्यात शिकताना आम्ही निरोपाच्या शब्दांची यादी पाठ केली होती. सकाळी हे, दुपारी ते, रात्री अमुक. ती यादी चुकीची नव्हती, पण तिच्यात घड्याळ होतं आणि माणूस नव्हता. फ्रेंच माणूस निरोप घेताना किती वाजले एवढंच पाहत नाही. समोरच्याचा दिवस किती उरलाय, आठवडा किती उरलाय, तो आता घरी चाललाय की अजून कामावर उभा आहे, हेही तो पाहतो. आज मी पुण्यात फ्रेंच शिकवते तेव्हा पहिल्या महिन्यात सगळ्यात जास्त वेळ याच गोष्टीला देते.

आधी भेटल्याबरोबर काय म्हणायचं ते पाहू, कारण ते सोपं आहे. दिवसाचे तिथे दोनच तुकडे आहेत. उजाडल्यापासून बोंजूर आणि संध्याकाळ झाली की बोंस्वार. सकाळ आणि दुपार असा भेद भेटीच्या शब्दात नाही. दुकानात शिरताना, बसमध्ये चढताना, दवाखान्याच्या प्रतीक्षागृहात बसण्याआधी हा शब्द उच्चारायलाच लागतो. तो न उच्चारता थेट “एक बॅगेट द्या” म्हणणं म्हणजे आपल्याकडे कुणाच्या घरात चपलांसकट शिरण्यासारखं आहे. पाव मिळतो, पण बाईंचा चेहरा बदललेला असतो.

बोंजूर संपून बोंस्वार कधी सुरू होतं याची नेमकी वेळ कुठे लिहिलेली नाही. साधारण पाच ते सहाच्या दरम्यान ती उलटते. अंधार पडला की बोंस्वार, असं म्हणावं तर डिसेंबरमध्ये पॅरिसला पाचच्या आसपास सूर्य मावळतो आणि जूनच्या अखेरीस रात्री जवळजवळ दहाला. जूनमध्ये सात वाजता लख्ख ऊन असतं, तरी लोक बोंस्वारच म्हणतात, कारण कामाचा दिवस संपलेला असतो. हिवाळ्यात मात्र पाचलाच दिवे लागतात आणि बोंस्वारही थोडं अलीकडे सरकतं. आपल्या ‘दिवेलागण’ या शब्दात जसं घड्याळही नाही आणि निव्वळ अंधारही नाही, तसंच काहीसं हे आहे. सीमेवरच्या त्या तासाभरात दोन माणसं भेटली, एकाने बोंजूर म्हटलं आणि दुसऱ्याने बोंस्वार, तर पहिला बहुधा हसून आपला शब्द बदलतो.

बोंजूरची एक अट पुस्तकात सहसा सापडत नाही. एका माणसाला ते दिवसातून एकदाच म्हणायचं. शाळेत मी सकाळी कर्मचारी-खोलीत एका सहकारी बाईंना बोंजूर म्हटलं आणि दुपारी जिन्यात भेटल्या तेव्हा पुन्हा म्हटलं. त्या थबकल्या आणि म्हणाल्या, “आपण भेटलो ना सकाळी?” त्यांना खरोखरच वाटलं होतं की सकाळची भेट मी विसरले. आपल्याकडे त्याच माणसाला चार वेळा नमस्कार केला तर आदर वाढतो. तिथे दुसरं बोंजूर पहिलं पुसून टाकतं. म्हणून दुसऱ्यांदा भेटल्यावर लोक नुसतं हसतात किंवा ‘रबोंजूर’ म्हणतात, ‘पुन्हा बोंजूर’ अशा अर्थाने. त्यात सकाळची आठवण शाबूत असते.

आता निरोप. इथे दिवसाचे दोनाऐवजी सात-आठ तुकडे होतात आणि भाषेचं व्याकरणही मदतीला येतं. फ्रेंचमध्ये काही काळवाचक शब्दांच्या जोड्या आहेत. दिवसासाठी ‘जूर’ आणि ‘जुर्ने’, संध्याकाळसाठी ‘स्वार’ आणि ‘स्वारे’, सकाळसाठी ‘मातँ’ आणि ‘मातिने’, वर्षासाठी ‘आँ’ आणि ‘आने’. जोडीतला पहिला शब्द मोजायचा असतो. दोन दिवस, तीन वर्षं. दुसरा शब्द त्या काळाची लांबी सांगतो, त्यात भरलेलं सगळं सांगतो. मराठीत ‘दिवस’ आणि ‘दिवसभर’ यांत जो फरक आहे, त्याच्या जवळपासचा हा फरक आहे. यातला ‘मातिने’ तर आपल्याकडे कधीचा येऊन राहिलाय. आपल्या चित्रपटगृहांतला मॅटिनीचा खेळ म्हणजे हाच शब्द, इंग्रजीच्या वाटेने आलेला.

भेटताना पहिला शब्द वापरतात, निरोपाला दुसरा. बोंजूरमध्ये ‘जूर’ आहे, कारण भेट हा एक क्षण आहे. जाताना ‘बॉन जुर्ने’ म्हणायचं, कारण आता समोरच्यापुढे काही तास पसरलेले आहेत आणि ते चांगले जावोत अशी इच्छा आहे. ‘बोंस्वार’ आणि ‘बॉन स्वारे’ यांचंही तेच, फक्त बोंस्वार हा निरोपालाही चालतो. जोडीतला पहिला शब्द पुल्लिंगी आणि दुसरा स्त्रीलिंगी, म्हणून आधी ‘बों’ आणि मग ‘बॉन’. विद्यार्थ्यांना ही लिंगं पाठ करायचा कंटाळा येतो, पण एवढ्या दोन जोड्या नीट बसल्या तर निम्मं काम झालं.

दुपारचा शब्द तेवढा निराळा. ‘आप्रे-मिदी’ म्हणजे मध्यान्हानंतरचा वेळ. हा शब्द पुल्लिंगी की स्त्रीलिंगी यावर फ्रेंच लोकांचंच एकमत नाही आणि दोन्ही चालतं. लिहिताना ‘बों’ लिहायचं की ‘बॉन’ हा प्रश्न पडतो, बोलताना मात्र पडत नाही. पुढे स्वर आला की ‘बों’चा अनुनासिक सुटतो, न मोकळा होतो आणि दोन्ही रूपं ‘बॉनाप्रेमिदी’ अशीच ऐकू येतात. दुकानात कुणाला काही कळत नाही. शंका आली तर ती पत्र लिहितानाच येते.

रात्रीचा शब्द मात्र जपून वापरायचा. मराठी माणूस रात्री आठला फोन ठेवताना सहज ‘गुड नाईट’ म्हणतो. त्याच सवयीने मी एकदा साडेसातला बैठक संपवून निघताना सगळ्यांना ‘बॉन न्वी’ म्हटलं. क्षणभर शांतता पसरली. एकाने विचारलं, “इतक्या लवकर झोपणार? बरं नाही का?” बॉन न्वी हा झोपायला जाणाऱ्याला किंवा झोपायला जाताना म्हणायचा शब्द आहे. आई मुलाच्या खोलीतला दिवा मालवताना म्हणते. रात्रीचं जेवण आटोपून अकराला पाहुणे निघाले तरी यजमान पुष्कळदा ‘बॉन फँ द स्वारे’ म्हणतात. म्हणजे, संध्याकाळ अजून आहे, तिचा उरलेला भाग चांगला जावो.

या ‘फँ द’ शब्दांत निरोपाच्या सगळ्या हिशेबाची किल्ली आहे. ‘फँ’ म्हणजे शेवट, शेवटचा भाग. दुपारी चारनंतर बॉन जुर्ने म्हणणं कानाला खटकतं, कारण ‘जुर्ने’ म्हणजे भरलेला, लांब दिवस, आणि तो तर बराच सरला. मग लोक ‘बॉन फँ द जुर्ने’ म्हणतात, उरलेला दिवस चांगला जावो. सकाळी अकराला ‘बॉन फँ द मातिने’, पावणेपाचला ‘बॉन फँ दाप्रे-मिदी’. शिल्लक आहे तेवढ्याच्याच शुभेच्छा द्यायच्या. आपल्याकडे उरलेल्या वस्तूला मान कमी. उरलंसुरलं, शिळंपाकं. फ्रेंच निरोपात मात्र उरलेल्या तासाला पूर्ण तासाइतकाच मान मिळतो, आणि मला हा त्या भाषेचा फार मोठा गुण वाटतो.

पण शिल्लक कुणाच्या दिवसाची मोजायची, हे त्यापेक्षाही नाजूक आहे. संध्याकाळी सहाला मी कामावरून सुटलेली असते. माझ्यासाठी दिवस संपून संध्याकाळ सुरू झालेली असते. सुपरमार्केटच्या गल्ल्यावर बसलेल्या मुलीची पाळी मात्र आठपर्यंत आहे. मी तिला बॉन स्वारे म्हटलं तर चूक नाही, सगळेच म्हणतात. पण काही गिऱ्हाइकं तिला ‘बॉन फँ द जुर्ने’ म्हणतात आणि ती मान वर करून हसते. तिचा दिवस अजून चालू आहे हे कुणीतरी पाहिलेलं असतं. काहीजण ‘बों कुराज’ म्हणतात. शब्दशः धीर धरा, पण त्यात आपल्या ‘चालू द्या, दमू नका’चा सूर आहे.

त्या पावाच्या दुकानात मी पुढे मुद्दाम कान देऊन उभी राहू लागले. दुकान सोमवारी बंद असायचं, त्यामुळे बाईंचा आठवडा मंगळवारी उजाडायचा. मंगळवारी सकाळी पावणेआठला, आठवड्यातलं पहिलं गिऱ्हाईक म्हणून मला ‘बॉन स्मेन’ मिळायचं, आठवडा चांगला जावो. बुधवारी मुलांना घेऊन आयांची गर्दी, कारण फ्रान्समध्ये कित्येक लहान मुलांना बुधवारी शाळा नसते. त्या आयांना ‘बों मेर्क्रदी’, म्हणजे चांगला बुधवार. ही बुधवारची सुट्टी १९७२पासूनची, त्याआधी ती गुरुवारी असे. म्हणून कधीच न येणाऱ्या दिवसाला फ्रेंचमध्ये अजूनही ‘चार गुरुवारांचा आठवडा’ म्हणतात.

गुरुवारी ‘बॉन फँ द स्मेन’, उरलेला आठवडा चांगला जावो. शुक्रवारची गोष्ट वर सांगितलीच. शनिवारी दुपारी, जे रविवारी येत नाहीत त्यांना ‘बों दिमाँश’, चांगला रविवार. रविवारी सकाळी साडेअकराला दुकानाबाहेर रांग लागायची आणि प्रत्येकाला ‘बॉनापेती’ मिळायचं, कारण पुढच्या तासात सगळे जेवायला बसणार होते. त्या दिवशी मी बाईंना ‘बों रपो’ म्हणायला शिकले, विश्रांती चांगली होवो. सगळ्यांचा आठवडा सुरू होणार होता आणि त्यांची सुट्टी.

उलट शुभेच्छा देतानाही हिशेब करावा लागतो. सर्वसाधारण उत्तर सोपं आहे. ‘मेर्सी, वू-झोसी’, म्हणजे आभार, तुम्हालाही. किंवा ‘पारेयमाँ’, तसंच. पण शुक्रवारी एखाद्या दुकानदाराने बों वीकेन्ड म्हटलं आणि आपण ‘तुम्हालाही’ म्हणालो, तर त्याला दुसऱ्या दिवशी पहाटे उठून भट्टी पेटवायची असते. त्याचा वीकेन्ड नसतोच. जाणती गिऱ्हाइकं तिथे म्हणतात, “मेर्सी, आणि उद्यासाठी बों कुराज.” मला हे जमायला दोन महिने लागले.

आता ‘बॉन फँ द स्मेन’कडे वळू, कारण या चार शब्दांनी माझ्या विद्यार्थ्यांना सगळ्यात जास्त त्रास दिलाय. ‘स्मेन’ म्हणजे आठवडा. फ्रान्समध्ये याचा अर्थ आठवड्याचा शेवटचा भाग, म्हणजे कामाच्या आठवड्यातले गुरुवार-शुक्रवार. बुधवारी दुपारी किंवा गुरुवारी सहकाऱ्याचा निरोप घेताना तो शोभतो. शुक्रवारी संध्याकाळी तिथे ‘बों वीकेन्ड’ म्हणतात. इंग्रजी शब्द टाळणारे काही वडीलधारे शनिवार-रविवारलाही फँ द स्मेन म्हणतात, पण ते थोडे.

वीकेन्ड हा शब्द फ्रान्सने इंग्लंडकडून घेतला आणि त्यामागची सुट्टीही. १३ जुलै १९०६च्या कायद्याने फ्रान्समधल्या कामगारांना आठवड्यातून एक दिवस विश्रांती मिळाली आणि तो दिवस रविवार ठरला. शनिवारी मात्र पूर्ण दिवस काम. शनिवारी दुपारनंतर सुट्टी देण्याच्या पद्धतीला तिथे ‘इंग्रजी आठवडा’ म्हणत, कारण ती पलीकडून आलेली. १९१७ साली पॅरिसमधल्या शिवणकाम करणाऱ्या मुलींनी संप केला, तेव्हा कपड्यांच्या धंद्यातल्या बायकांना हा इंग्रजी आठवडा कायद्याने मिळाला. १९३६मध्ये आठवड्याला चाळीस तासांचा कायदा आला आणि शनिवार-रविवार अशी दोन दिवसांची सुट्टी घेण्याची वाट मोकळी झाली. सुट्टी इंग्लंडमधली, तिचं नावही इंग्लंडमधलं, आणि फ्रेंच माणसाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात मात्र वावगं वाटलं. तिथली फ्रेंच भाषा चहूबाजूंनी इंग्रजीने वेढलेली आहे, म्हणून ती आपले शब्द राखून असते. फ्रान्सच्या चौकातल्या लाल अष्टकोनी पाटीवर इंग्रजी ‘स्टॉप’ लिहिलेलं असतं आणि क्वेबेकमध्ये त्याच पाटीवर फ्रेंच ‘आरे’. तसंच शनिवार-रविवारला क्वेबेकमध्ये ‘फँ द स्मेन’ म्हणतात आणि शुक्रवारी संध्याकाळी ‘बॉन फँ द स्मेन’ असा निरोप घेतात. तिथे अभिवादनाचा प्रश्न विधिमंडळापर्यंत जातो. मॉन्ट्रियलच्या दुकानांत ‘बोंजूर-हाय’ असं जोडस्वागत ऐकू येतं. नोव्हेंबर २०१७मध्ये क्वेबेकच्या नॅशनल असेंब्लीने एकमताने ठराव करून दुकानदारांना नुसतं बोंजूर म्हणण्याचं आवाहन केलं. तिथले भाषातज्ज्ञ ‘बों मातँ’लाही नाकं मुरडतात. सकाळी भेटताना हे शब्द क्वेबेकमध्ये सर्रास ऐकू येतात, पण ती ‘गुड मॉर्निंग’ची फ्रेंच नक्कल आहे असं त्यांचं म्हणणं. फ्रान्समध्ये तर कुणी असं म्हणतच नाही.

महाराष्ट्रातून क्वेबेकला स्थायिक व्हायला निघालेली कुटुंबं फ्रेंच शिकायला येतात आणि बहुतेक वेळा आम्ही त्यांना फ्रान्सचं फ्रेंच शिकवतो. एक विद्यार्थी नागपूरचा. जायच्या महिनाभर आधी मॉन्ट्रियलमधल्या एका घरमालकाशी त्याचं भाड्याच्या जागेबद्दल बोलणं चालू होतं. मालकाने सोमवारी त्याला लिहिलं की ‘आँ फँ द स्मेन’ फोन करा, मी जागेवर असेन, कॅमेऱ्यातून खोल्या दाखवतो. माझ्या या विद्यार्थ्याने शिकलेला अर्थ धरला आणि गुरुवारी फोन केला. आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात, हिवाळ्यात मॉन्ट्रियलला तेव्हा सकाळचे नऊ. मालक कामावर होता, जागा कुलूपबंद होती. तो जरा वैतागूनच म्हणाला की मी वीकेन्डला सांगितलं होतं. विद्यार्थ्याने क्षमा मागितली आणि शनिवारी पुन्हा फोन केला. जागा मिळाली, पण त्या दोन दिवसांत ती हातची जाणार या धास्तीने त्याला झोप लागली नाही. ही चूक त्याची नव्हती, शिकवताना एवढं सांगून ठेवायला हवं होतं ते मी सांगितलं नव्हतं.

तेव्हापासून मी वर्गात यातल्या खुणा दाखवते. वाक्य कोणाचं आहे हे आधी पाहायचं, क्वेबेकच्या माणसाचं की फ्रान्सच्या. मग शब्दाच्या आजूबाजूला पाहायचं. ‘ही फँ द स्मेन’, ‘पुढची फँ द स्मेन’ किंवा तिचं अनेकवचन आलं, तर बोलणारा शनिवार-रविवारबद्दलच बोलतोय आणि बहुधा क्वेबेकचा आहे. क्वेबेकच्या माणसाला आठवड्याची अखेर म्हणायची असेल तर तो ‘आ ला फँ द ला स्मेन’ असं शब्द सोडवून म्हणतो, ‘आठवड्याच्या शेवटी’. तो मधला ‘ला’ ऐकू आला की गुरुवार-शुक्रवार. एवढं करूनही शंका उरली तर सरळ विचारायचं, “जदी की साम्दी?” गुरुवार की शनिवार? याचा कुणाला राग येत नाही.

क्वेबेकमध्ये आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. तिथे निघतानाही बोंजूर म्हणतात. फ्रान्सच्या सवयीच्या कानाला वाटतं की हा माणूस आत्ताच आला, आणि तो तर दार ओढून गेलेला असतो.

उरलेल्या काळाचा हा हिशेब वर्षालाही लागतो. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात फ्रान्समध्ये कुणी ‘बॉनाने’, म्हणजे नवीन वर्षाच्या शुभेच्छा, देत नाही. ते वर्ष अजून उजाडलेलं नाही. तोवर ‘बॉन फेत’, सणांच्या शुभेच्छा, किंवा ‘बॉन फँ दाने’, वर्षाचा उरलेला भाग चांगला जावो. दक्षिणेत, मार्सेय आणि प्रोव्हान्सच्या बाजूला, नाताळानंतरच्या दिवसांत ‘बों बू दाँ’ म्हणतात. ‘बू’ म्हणजे टोक, वर्षाचं शेवटचं टोक. एकतीस डिसेंबरच्या मध्यरात्री बाराचे ठोके पडले की मग बॉनाने सुरू होतं आणि ज्याची त्या वर्षातली पहिली भेट होईल त्याला जानेवारीच्या एकतीस तारखेपर्यंत ते म्हणता येतं. आपल्याकडे संक्रांतीचा तिळगूळ रथसप्तमीपर्यंत देता येतो, त्यानंतर कुणी देत नाही. तिथे फेब्रुवारीत बॉनाने म्हणणारा माणूस ‘उशीर झाला खरा’ असं आधी कबूल करतो.

फोनवर आणि पत्रात घड्याळं दोन असतात, तेव्हा समोरच्याचं धरायचं. पुण्याहून संध्याकाळी सहाला पॅरिसला फोन लावला तर तिथे हिवाळ्यात दुपारचा दीड वाजलेला असतो, उन्हाळ्यात अडीच. म्हणून आपल्या खिडकीबाहेर अंधार पडला असला तरी बोंजूर म्हणायचं आणि फोन ठेवताना बॉनाप्रेमिदी. ईमेल तो माणूस कधी वाचेल हे कळत नाही, म्हणून बहुतेक जण रात्री लिहिलं तरी बोंजूरनेच सुरुवात करतात. शेवटी सहीच्या वर एक ओळ असते, बॉन जुर्ने किंवा शुक्रवार असेल तर बों वीकेन्ड. अलीकडे ‘बॉन’च्या जागी ‘बेल’, म्हणजे सुंदर, लिहायची रीत पडली आहे, बेल जुर्ने, बेल स्वारे. कित्येकांना ती आवडते. मला ‘बॉन’च बरं वाटतं. दिवस चांगला जावा एवढं म्हणणं पुरे आहे, तो सुंदर व्हावा अशी मागणी कशाला?

मराठीत आपण वेळेपेक्षा कामाकडे पाहून बोलतो. “काय, जेवण झालं का?”, “बाजाराला निघालात?”, “आलात का गावाहून?” असं विचारण्यातच आपलं अभिवादन असतं. निघताना आपण ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो, म्हणजे पुन्हा भेटण्याचं आश्वासन निरोपातच असतं. फ्रेंचमध्ये ते काम ‘आ’ने सुरू होणारे शब्द करतात. आ दमँ, उद्या भेटू. आ लंदी, सोमवारी भेटू. पण त्यालाही मुक्काम लागतो, उद्या किंवा सोमवार. मग तोवरचा वेळ मोजायचा आणि त्याच्या शुभेच्छा द्यायच्या. म्हणून “बों वीकेन्ड, आ लंदी” हे दोन शब्द शुक्रवारी ऑफिसात एकत्रच ऐकू येतात.

मुक्कामच नसेल तेव्हा काय, हे मला शेवटच्या दिवशी कळलं. माझं वर्ष संपलं होतं, सामान बांधून झालं होतं, विमान दुसऱ्या दिवशी. मी सकाळी पाव घेतला आणि बाईंना सांगितलं की मी उद्या भारतात परत चालले आहे. त्यांनी पाव कागदात गुंडाळला. नेहमीप्रमाणे त्या काहीतरी म्हणणार म्हणून मी थांबले. मंगळवार होता, आठवड्यातली पहिली भेट, पण त्या ‘बॉन स्मेन’ म्हणाल्या नाहीत, ‘बॉन जुर्ने’ही नाही. त्या म्हणाल्या, “बॉन कोंतिन्युआस्यों, मादाम.” तुमचं जे चाललंय ते पुढेही चांगलं चालू राहो. पुन्हा भेट ठरलेली नसली की हे म्हणतात. नोकरीसाठी नकार कळवणाऱ्या पत्राच्या शेवटीही हे शब्द येतात, त्यामुळे कुणाला ते थंड वाटतात. शेवटाचा ‘फँ’ त्यात नाही, मोजलेले तास नाहीत, वार नाही. मी “वू-झोसी” म्हणाले. मागे रांगेत उभ्या असलेल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी बोंजूर म्हटलं आणि बाई त्यांच्याकडे वळल्या.